तिसऱ्या रांगेतले रामराव

बंगळुरूत 1940 साली वालचंद हिराचंद यांनी विमानांचा कारखाना काढला. पुढे 1948 मध्ये टेलिफोनचा आला, 1953 मध्ये एचएमटी आणि 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. या मोठ्यांच्या सावलीत सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. त्यातल्या एकाच्या पंचाहत्तरीची पुस्तिका सध्या तयार होते आहे. ती निघेपर्यंत कारखान्याचं नाव छापू नये, अशी तिथल्यांची विनंती आहे. संपादकांनी मला पाठवलं ते कारखान्याच्या इतिहासासाठी, पण मी अडकलो एका फोटोपाशी.

फोटोत चार रांगा आहेत. पुढे खुर्च्यांवर साहेब, त्यांच्या पायाशी शिकाऊ मुलं, मागे बाकांवर उभे कामगार. चेहरे चौसष्ट. स्टुडिओने खालच्या पुठ्ठ्यावर नावं लिहिली होती, पण कधीतरी चौकट बदलताना तो पुठ्ठा कापला गेला. तारीखही त्याच्याबरोबर गेली.

नावं परत मिळवण्याचं काम टाइम ऑफिसमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे आहे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, अशा इथल्या जुन्या मराठी कुटुंबातले ते. सगळ्यात आधी त्यांनी फोटो सुलटा आहे ना हे पाहिलं. जुन्या काचेवरून नवी प्रत काढताना काच उलटी ठेवली गेली, तर डावं-उजवं बदलतं. शर्टांचे खिसे डाव्या छातीवर दिसले, तेव्हा ते निश्चिंत झाले. मग फोटोवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक चेहऱ्याला नंबर दिला.

निवृत्तांना एकत्र बोलवायचं नाही, हा त्यांचा नियम मला फार महत्त्वाचा वाटला. ते प्रत्येकाच्या घरी स्वतंत्र जातात आणि नंबर असलेला कोरा कागद पुढे ठेवतात. आधीच्याने काय सांगितलं ते कळू देत नाहीत. “चारजण एकत्र बसले की पहिला जे नाव घेईल ते सगळ्यांना आठवायला लागतं,” ते म्हणाले. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तेच नाव सांगितलं आणि दप्तराने ते खोडून काढलं नाही, तरच नाव शाईने लिहायचं. तोवर पेन्सिल.

दप्तर म्हणजे मस्टर, सर्व्हिस बुक आणि प्रॉव्हिडंट फंडाचे वारसनोंदीचे फॉर्म. त्यांचा पहिला उपयोग तारखेसाठी झाला. खाली बसलेल्या, खात्रीने ओळखलेल्या एका शिकाऊ मुलाची भरती जुलै 1962 ची निघाली. मधल्या खुर्चीतले मॅनेजर मार्च 1964 मध्ये निवृत्त झाले. फोटो या वीस महिन्यांतला.

या चौकटीची खरी परीक्षा तेविसाव्या चेहऱ्यावर झाली. नाव बदलून त्यांना रामराव म्हणू. दोन निवृत्तांनी वेगवेगळं, पण हेच नाव सांगितलं होतं. दप्तरात रामराव तीन निघाले. इकडे नावाआधीचं अक्षर गावाचं किंवा वडिलांचं असतं, आडनाव बहुधा लिहीतच नाहीत. मराठी घरांतही ‘राव’वर नाव संपतं, शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, याच शहरातले. कारखान्यात हाक मारताना तर पुढचं अक्षरही गळतं. एक रामराव 1961 मध्येच निवृत्त झाले होते, दुसरे 1966 मध्ये लागले. उरले ते 1957 पासूनचे टर्नर. त्यांच्या सर्व्हिस बुकातला फोटो भरतीच्या वेळचा, मिशी नसलेला. गृहस्थांनी भिंगाखाली मिशी सोडून कान पाहिले. वयाने कान लांबतो, पण पाळीचा जोड आणि आतल्या वळ्या फारशा बदलत नाहीत. ते जुळलं आणि नावावर शाई चढली.

असं सगळ्यांचं होत नाही, आणि माझी काळजी इथेच आहे. तेव्हा विशीत असलेलेच आज सांगायला उरले आहेत. त्यांना आपले सोबती आठवतात, खुर्चीवरचे साहेब आठवतात. पण तेव्हा चाळिशीत असलेल्या, दुसऱ्या खात्यातल्या माणसाला ओळखणारं आता कोणी नाही. तिकीट नंबरही दगा देतो, कारण इथे माणूस गेला की त्याचा नंबर नव्याला मिळायचा. नुसत्या नंबरावरून माणूस धरला तर दहा वर्षांनी लागलेला भलताच कोणी हाती येतो. कडेला उभी असलेली कॅन्टीनची मुलं ठेकेदाराची होती, त्यांचं नाव कारखान्याच्या एकाही वहीत नाही. ठेकेदाराच्या वह्या उरलेल्या नाहीत. शोधायचं कुठे?

सर्व्हिस बुकात जात, कर्ज, शिक्षेचे मेमो असं बरंच काही असतं. पुस्तिकेत त्यातलं काही जाणार नाही, फक्त नाव आणि खातं. आणि हयात असलेल्यांना आधी विचारून. मी गेलो तेव्हा शाईची नावं एकेचाळीस होती, पेन्सिलची नऊ. पेन्सिलची नावं प्रश्नचिन्हासह छापायची की गाळायची यावर वाद चालू होता. व्यवस्थापनाला पान स्वच्छ हवं आहे. गृहस्थांचं म्हणणं, प्रश्नचिन्ह छापलं तर एखादा नातू पत्र तरी लिहील, आणि उरलेल्या चौदा जणांसाठी फोटोखाली नंबर व पत्ता छापा. मला त्यांचं पटतं. छपाईला फोटो अजून गेलेला नाही, आणि ते पुढच्या आठवड्यात म्हैसूरला एका फोरमनच्या मुलीकडे जाणार आहेत.