मागचा भाग पुढे आणताना

पीएच.डी. करणाऱ्या अनेकांनी गाईडला हा मेल कधी ना कधी पाठवलेला असतो: ‘सर, प्रकरण तीनची नवी मांडणी सोबत जोडली आहे, कृपया पाहावी.’ वाक्य नम्र आहे, शुद्ध आहे, पण त्यातून गाईडला काहीच कळत नाही. काय पाहायचे? आधी काय होते? आणि पाहून नेमके काय सांगायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. तुमचे प्रकरण गाईडने दिवाळीत वाचलेले असते. त्यानंतर पेपर तपासणी होऊन जाते, दुसऱ्या कुणाची तोंडी परीक्षा होते. फाल्गुनात तुमचा मेल उघडताना त्यांना जुना क्रम आठवत नसतो. मग उत्तर येते, ‘ठीक आहे, पुढे चला,’ किंवा जोडणीत दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून येतात. विद्यार्थी हिरमुसतो. वास्तविक मेलने काही विचारलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीचा विषय महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आहे. तिसऱ्या प्रकरणात पाच भाग आहेत. पहिल्यात वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, दुसऱ्यात 1970 ते 1973 मधली अवर्षणे, तिसऱ्यात पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते अशी सरकारी दुष्काळी कामे, चौथ्यात त्या कामांवर खडी फोडलेल्या लोकांच्या मुलाखती आणि पाचव्यात 1977 चा कायदा. क्रम काळाचा, म्हणजे बिनधोक. पण मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या बायकांचे बोलणे, तिच्याकडचा सगळ्यांत कसदार मजकूर, चौथ्या भागात गाडलेला. वाचक तिथवर पोहोचतो तो दमून.

हे तिला कळले कसे? तिने प्रकरणाची प्रिंट काढली आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच वाक्य लिहिले: हा परिच्छेद काय म्हणतो? विषय नव्हे, म्हणणे. ‘मजुरी’ हे म्हणणे नाही. ‘हजेरीपटावर नाव चढवण्यासाठी मुकादमाची मर्जी लागे’ हे म्हणणे आहे. सगळी वाक्ये ओळीने वाचली, तेव्हा दिसले की तिसऱ्या भागातली निम्मी विधाने चौथ्यातल्या बायकांच्या सांगण्यावर उभी आहेत. कळस आधी, पाया नंतर. तिने मुलाखती पहिल्या आणल्या आणि विसापूर मागे नेले. मग हा मेल लिहिला.

विषय: प्रकरण 3, नवा क्रम, तीन प्रश्न

आदरणीय मॅडम, नमस्कार.
दिवाळीत तुम्ही वाचलेल्या प्रकरण 3 चा क्रम बदलला आहे. नवा मजकूर नाही. सोबत दीड पानाचा आराखडा आहे. पूर्ण प्रकरण मुद्दाम जोडलेले नाही.
बदल दोन: मुलाखती (आधी भाग 4) आता भाग 1 झाल्या. विसापूर (आधी भाग 1) आता भाग 4, कायद्याच्या लगेच आधी. दुष्काळी कामांबद्दलची माझी विधाने मुलाखतींवर उभी आहेत, म्हणून हा बदल.
1. विसापूरचा प्रयोग दुष्काळाआधीचा आहे, पण वाचकाला तो आता दुष्काळानंतर भेटेल. योजना दुष्काळातूनच जन्मली असा समज होईल का? कायद्याशेजारी ठेवल्यास ‘मागेल त्याला काम’ हे सूत्र दोन्हीकडे ठळक दिसते, म्हणून माझा कल तिकडे आहे. सुरुवातीला दोन वाक्यांचा उल्लेख पुरेल, की पूर्ण भाग पुन्हा पहिला घ्यावा?
2. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणींवर किती विसंबावे, ही चर्चा प्रकरण 1 मध्ये आहे. आता हे प्रकरण आठवणींनीच उघडते. इथे त्यावर एक परिच्छेद हवा का? मला हवा असे वाटते.
3. कायद्याचा अंमल 26 जानेवारी 1979 पासून सुरू झाला. मंजुरीपासून तिथपर्यंतचा काळ प्रकरण 4 मध्ये ढकलला तर चालेल का?
गुरुवारी विसापूरच्या भागाला हात घालते आहे. तोवर निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

पहिला प्रश्न पाहा. तो ‘हा क्रम बरा वाटतो का?’ असा असता, तर उत्तर ‘बरा वाटतो’ एवढेच आले असते. इथे विद्यार्थिनीने आपल्याच मांडणीतला धोका आधी दाखवला आहे. इतिहासात क्रमाला कारणाचा वास येतो. दुष्काळ आधी आणि योजना नंतर असे लिहिले की, ‘त्यामुळे’ हा शब्द न लिहिताही वाचक तो वाचतो. पागे यांची कल्पना दुष्काळाच्या आधीची, हे तिला माहीत आहे आणि गाईडलाही. परीक्षकाला मात्र पानावर दिसेल तेवढेच कळणार. शिवाय तिने दोन पर्याय दिले आणि आपला कल सांगितला. फोनवरून, लोकलमध्ये उभ्याउभ्याही याचे उत्तर देता येते.

दुसरा प्रश्न दिसायला किरकोळ, पण फेरमांडणीतली नेहमीची मोडतोड तिथेच होते. भाग हलवला की त्याच्यासोबत त्याची ओळख हलत नाही. ‘मुकादम’ म्हणजे कोण, हे जुन्या तिसऱ्या भागात सांगितलेले असते. आता तो पहिल्याच पानावर ओळख न देता हजर होतो. ‘वर पाहिल्याप्रमाणे’ म्हटलेले खाली गेलेले असते. संगणकावर ‘वर’, ‘मागे’, ‘आधीच्या भागात’ हे शब्द शोधून प्रत्येक जागा तपासणे हाच उपाय. हे काम गाईडचे नाही, आणि मेलमध्ये त्याची वाच्यताही नको.

पूर्ण प्रकरण न जोडण्याबद्दल काही गाईड नाराज होतात, हे खरे. त्यांना सगळे हवे असते. पण अकरा हजार शब्द समोर आले की डोळा वाक्यांत अडकतो आणि क्रमाचा प्रश्न बाजूला राहतो. बदल नोंदवलेली फाइल तर त्याहून वाईट. हललेले परिच्छेद लाल रंगात खोडलेले आणि पुन्हा उमटलेले दिसतात, आपले काय कापले आणि काय नुसते सरकले ते कळत नाही. दीड पानाच्या आराखड्यात पाच शीर्षके, प्रत्येकाखाली समासातली तीन-चार वाक्ये आणि कंसात जुना क्रमांक, एवढे पुरे. मागाहून मागितले तर प्रकरण तयार ठेवावे.

अशा मेलला उत्तर साधारण असे येते: ‘विसापूर पुढेच हवे, पण एका पानात आटपा. आठवणींचा परिच्छेद घाला. तिसरे तुम्ही ठरवा.’ म्हणजे पहिल्या प्रश्नात विद्यार्थिनीचा कल नाकारला गेला. आता विसापूर पहिले, मुलाखती दुसऱ्या. आणि ‘वर’, ‘मागे’ या शब्दांचा शोध तिला पुन्हा एकदा पहिल्या पानापासून घ्यावा लागणार.