कपभर मैदा म्हणजे किती?

अमेरिकेत 'एक-दोन-तीन-चार' नावाचा एक जुना केक आहे. एक कप बटर, दोन कप साखर, तीन कप मैदा आणि चार अंडी. नाव लक्षात राहिलं की कृती अर्धी पाठ. पण हेच जिन्नस वजनकाट्यावर ठेवले की क्रम बिघडतो. बटर २२७ ग्रॅम, साखर ४०० आणि मैदा ३६०. दोन कप साखर तीन कप मैद्याला भारी पडते!

हा अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा. त्यात पाणी भरलं तर ते २३७ ग्रॅम भरतं, मैदा मात्र जेमतेम १२०. खरं तर मैद्याचा कण पाण्याहून जडच असतो. पण हे कण बारीक, वेडेवाकडे. एकमेकांना अडकून तरंगल्यासारखे राहतात आणि मधल्या फटींत हवा कोंडते. कपातली निम्म्याहून बरीच जास्त जागा या हवेचीच असते. साखरेचे दाणे कडक आणि मोठे, ते घरंगळत एकमेकांशेजारी बसतात, म्हणून कपात २०० ग्रॅम मावते. तीच साखर मिक्सरमधून काढली, की पिठीसाखरेचा कप पुन्हा १२० ग्रॅमच्या आसपास येतो. बटरमध्ये फटीच नाहीत. ते पाण्याहून किंचित हलकं असतं ते स्निग्धांशामुळे, हवेमुळे नव्हे.

घोळ होतो तो मैद्यात. पायलीने धान्य मापणाऱ्यांना सपाट माप आणि शिगेचं माप यांतला फरक सांगावा लागत नसे. मैद्याची गंमत अशी, की सपाट मापही फसवतं. चमच्याने अलगद भरून वरून सुरीची पाठ फिरवली, तर १२० ग्रॅम. तोच कप डब्यात खुपसून भरला, तर मैदा दाबला जातो आणि सहज १५० ग्रॅम येतो. तीन कपांत ९० ग्रॅम जास्तीचे, म्हणजे पाऊण कप मैदा न बोलावता आला! मिश्रण चमच्यावरून फितीसारखं न पडता गोळ्याने पडतं, केक मध्यभागी फुगून तडकतो आणि दुसऱ्या दिवशी घशात अडकतो. बिचाऱ्या ओव्हनला उगाच दोष मिळतो.

साखर कशीही भरली तरी फारसा फरक पडत नाही. बटर तर कपात ठासायच्या फंदात पडूच नये. आपल्याकडे शंभर आणि पाचशे ग्रॅमची पाकिटं मिळतात, वजन पाकिटावरच असतं.

राहिला कप. ऑस्ट्रेलियन पुस्तकातला कप २५० मिलिलिटरचा, जपानी २०० चा. घरातला कप कोणता, हे पाहायचं असेल तर रिकामा कप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील, तितक्या मिलिलिटरचा तो कप.