हे काम करायचं कोणी?

‘सुधारित दरपत्रक गुरुवारपर्यंत पाठवण्यात यावे.’ असा ईमेल चौघांना गेला की शुक्रवारी बहुधा दरपत्रक आलेले नसते. वाक्य शुद्ध आहे, पण पाठवायचे कोणी हे त्यात नाही. प्रत्येकाला वाटते, दुसरा पाठवेल. ‘खरेदी विभागाने सुधारित दरपत्रक गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवावे’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे व्याकरणाने हेही कर्मणीच! मराठीत कर्मणी प्रयोगातही कर्ता ‘ने’ लावून हजर राहू शकतो. म्हणून प्रयोग ओळखत बसण्यापेक्षा प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असे विचारावे.

कर्ता गाळणेच बरे, अशाही जागा आहेत. ‘तुमच्या खात्यात 4,500 रुपये जमा करण्यात आले आहेत’ हे वाचणाऱ्या ग्राहकाला रकमेशी मतलब. नोंद कोणी केली याच्याशी नाही. दुसऱ्याची चूक दाखवतानाही ‘तुम्ही जीएसटी क्रमांक चुकवलात’ यापेक्षा ‘बिलावर जीएसटी क्रमांक चुकीचा पडला आहे’ हे बरे, कारण आपल्याला दुरुस्ती हवी आहे, भांडण नको.

स्वतःची चूक असेल तर मात्र ‘गैरसोय झाली’ या आडोशाला जाऊ नये. ‘आम्ही जुन्या दराने बिल पाठवले, नवे बिल आजच पाठवतो’ असे सरळ लिहावे.