नोंदणी फी मागणारं डेटा एंट्रीचं काम: पैसे भरण्याआधी करार वाचा

कोपर स्टेशनच्या पश्चिमेला राहणारी एक ताई मागच्या वर्षी माझ्याकडे मोबाइल घेऊन आली. हात थरथरत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या नावाने एक नोटीस आली होती: करारभंग केल्याबद्दल ६,८०० रुपये भरा, नाहीतर अटक होईल. तिने केलं होतं एवढंच की घरबसल्या टायपिंगच्या कामासाठी २,२०० रुपये नोंदणी फी भरली होती.

आपल्यापैकी अनेकांना वाटतं की अशा साइटवर फसलो तर फार तर फी बुडेल. खरा धोका फीनंतर सुरू होतो, म्हणून तिचा करार आम्ही शेजारी बसून वाचला.

सात दिवसांत ८०० फॉर्म टाइप करायचे, प्रत्येक फॉर्मला २५ रुपये, म्हणजे आठवड्याला २०,००० मिळणार. एका फॉर्मला पाच मिनिटं धरली तरी ४,००० मिनिटं होतात, म्हणजे रोज साडेनऊ तास. अवघड आहे, पण जमेल असं वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच आकडे ठरवलेले असतात. पेच पुढच्या कलमात होता. नव्वद टक्के फॉर्म अचूक हवेत, आणि एका रकान्यात चूक झाली तरी तो संपूर्ण फॉर्म चुकीचा धरणार. कमी पडलं तर पैसे नाहीत, उलट 'सॉफ्टवेअर वापराचा' दंड.

आता हिशेब बघा. फॉर्ममध्ये २० रकाने आहेत आणि तुम्ही शंभरपैकी ९९ रकाने बरोबर भरता. म्हणजे चांगलाच हात आहे तुमचा. तरीही वीसच्या वीस रकाने बरोबर असलेले फॉर्म साधारण ८२ टक्केच निघतात. ८०० पैकी ६५५ च्या आसपास. हवे असतात ७२०. म्हणजे चांगली टायपिस्टसुद्धा नापास होणार, हे करार लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्यात मूळ चित्र मुद्दाम धूसर, स्पेलिंग चुकीचं, आणि तपासणीही तेच करणार! चुकलेले फॉर्म दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत.

काम देणाऱ्याला टायपिंग हवंच नसतं. छापील मजकुराचं चित्र संगणक आपोआप वाचतो, त्यासाठी फॉर्ममागे २५ रुपये कोण देईल? कमाई फीची आणि दंडाची असते.

फीवर चालणारा हा धंदा मोठ्या प्रमाणातही झाला आहे. २०११ साली गाजलेलं 'स्पीक एशिया' प्रकरण आठवा. ११,००० रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणं भरा, प्रत्येकी ५०० रुपये घ्या. अकरा आठवड्यांत पैसे वसूल, असं वाटायचं आणि सुरुवातीला पैसे मिळालेही. पण ज्या मोठ्या कंपन्या ग्राहक म्हणून सांगितल्या होत्या, त्यांतल्या काहींनी संबंध नाकारला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास केला. म्हणून पहिला हप्ता मिळाला, एवढ्याने साइट खरी ठरत नाही. विचारायचं ते हे: हे टायपिंग कोणाला हवं आहे, आणि त्या ग्राहकाच्या कार्यालयात फोन केला तर ते ओळखतात का?

साइटवर जीएसटी क्रमांक किंवा कंपनीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. gst.gov.in वर तो क्रमांक घालून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. जुळला तरी समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून लावता येतो. पैसे मात्र एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले, तर तिथेच थांबावं. शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेलाही फी असते, पण तिथे आपण परीक्षेचे पैसे भरतो, नोकरीचे नाही. 'परत मिळणारी अनामत' असेल, तर ती पहिल्या पगारातून कापून घ्या म्हणावं. उत्तर लगेच कळतं.

आता नोटिशीबद्दल. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ठरलेलं काम पूर्ण झालं नाही, एवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. तो दिवाणी वाद असतो. करारात दंड लिहिला म्हणून तो जसाच्या तसा वसूल होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. आणि फसवून सही घेतली असेल, तर कलम १९ प्रमाणे तो करार आपल्याला रद्द ठरवता येतो.

ताईने ६,८०० भरले नाहीत. आम्ही सगळे मेसेज, करार आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पुढचे चार दिवस फोन आले, मग बंद झाले. २,२०० मात्र परत मिळाले नाहीत. १९३० वर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तेवढे बँक गोठवू शकते. ती आमच्याकडे आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. घरी सांगायची लाज वाटत होती म्हणाली. तिने आधार, पॅन आणि सहीचा फोटोही दिला होता, त्यामुळे तिच्या नावावर कुठे कर्ज निघालंय का, हे आम्ही अजून अधूनमधून तपासतो.