साहेबांसमोर गप्प का?

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान गोळा केलेली उत्तरं तपासली. एक प्रश्न होता: वरिष्ठांशी मतभेद व्यक्त करायला कर्मचारी किती वेळा घाबरतात? अशा उत्तरांवरून त्यांनी ‘सत्ता-अंतर’ मोजलं. भारताचा निर्देशांक ७७, नेदरलँड्सचा ३८.

हा फरक बैठकीत दिसतो. समजा, डच व्यवस्थापक पुण्यातल्या टीमला विचारतो, “शुक्रवारी काम देऊ. काही अडचण?” चाचणीला आणखी चार दिवस लागणार, हे ज्युनियरला ठाऊक असतं. पण शेजारी टीम लीड बसलेला; त्याच्याआधी बोलणं आगाऊपणाचं वाटतं. व्यवस्थापक शांततेला होकार समजतो आणि शुक्रवारी काम अडतं. दोघांच्याही हेतूत खोट नसते.

उपाय प्रश्नात आहे. “अडचण आहे का?” ऐवजी “कोणतं काम उरलंय, किती दिवस लागतील?” असं विचारावं, तेही बैठकीआधी, टीम लीडला सांगून. मग उत्तर देणं म्हणजे विरोध ठरत नाही.

मात्र हे आकडे देशांच्या तुलनेसाठी आहेत. त्यावरून समोरच्या माणसाचा स्वभाव ठरवू नये.