उत्तर मीटरमध्ये वाचून पाहा

वाहत्या पाण्याच्या दाबाचं गणित सुटलं की शेवटी एक मोठी संख्या हाती येते. एकाचं उत्तर १,१६,६०० पास्कल, दुसऱ्याचं ३,५१,८०० पास्कल. यातलं एक बरोबर आहे आणि एक अशक्य आहे, पण नुसत्या नजरेनं ते ओळखता येत नाही, कारण पास्कल हे एकक फार लहान आहे. एक पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीच्या थराचा दाब. एवढ्या लहान एककात लाखांच्या संख्या येतात आणि त्या सगळ्या सारख्याच विश्वासार्ह दिसतात. म्हणून समीकरण पाठ असलेला विद्यार्थीही उंची किंवा एकक चुकवतो आणि उत्तराखाली निर्धास्तपणे रेघ मारतो. यावर एक साधी तपासणी आहे, आणि तिच्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही.

समीकरण ओळखीचं आहे. डॅनिएल बर्नुली यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. आज आपण लिहितो ते रूप त्यानंतर लेओनहार्ड ऑयलर यांच्या कामातून आलं:

P + ½ρv² + ρgh = कायम

पहिलं पद दाबाचं, दुसरं वेगामुळे असलेल्या ऊर्जेचं, तिसरं उंचीमुळे असलेल्या ऊर्जेचं. तिन्ही पदं दर घनमीटर पाण्यामागची आहेत. घर्षण नगण्य असेल आणि प्रवाह एकसारखा चालू असेल, तर नळात कुठेही या तिघांची बेरीज तेवढीच राहते.

आता एक इमारत घेऊ. तळाशी ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा नळ आहे आणि त्यावरचा प्रेशर गेज २.५ दाखवतो. आपल्याकडचे बरेच गेज किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात, त्यामुळे प्लंबर याला ‘अडीच किलो प्रेशर’ म्हणतो. इथे पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर आहे. नळ तेवढ्याच जाडीनं १२ मीटर वर, चौथ्या मजल्यावर जातो आणि तिथे शेवटच्या वीतभर तुकड्यात त्याचा व्यास २.५ सेंटिमीटर होतो. त्या अरुंद तुकड्यात दाब किती?

व्यास निम्मा झाला की नळाचं छेदक्षेत्र पाव होतं, म्हणून वेग चौपट, म्हणजे ४.८ मीटर. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो आणि गुरुत्व त्वरण ९.८ घेतलं, तर १२ मीटर उंचीचं पद १,१७,६०० पास्कल येतं. वेगाच्या पदातली वाढ १०,८०० पास्कल. अडीच किलो म्हणजे २,४५,००० पास्कल. त्यातून दोन्ही वजा केले की उरतात १,१६,६०० पास्कल, सुमारे १.१९ किलो.

तपासणी इथून सुरू होते. एक चौरस सेंटिमीटर जाडीचा आणि दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ डोळ्यांपुढे आणा. त्यात १००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक किलो पाणी असतं आणि त्याचा सगळा भार खालच्या एका चौरस सेंटिमीटरवर येतो. म्हणून एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाणी. तळाचा अडीच किलो दाब म्हणजे २५ मीटर. पंपाच्या दुकानात हीच भाषा चालते. तिथे कोणी पास्कल विचारत नाही, पंपाचा हेड किती मीटर ते विचारतात, आणि पंपाच्या पाटीवरही हेड मीटरमध्येच छापलेला असतो. डॉक्टर रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात तेही याच रीतीनं. सगळं समीकरण ρg ने भागलं की त्यातलं प्रत्येक पद उंची होतं:

P/ρg + v²/2g + h = कायम

आपल्या इमारतीत तळाशी दाबाचे २५ मीटर आणि वेगाचे जेमतेम ७ सेंटिमीटर आहेत, उंची शून्य. बेरीज २५.०७. चौथ्या मजल्यावर दाबाचे ११.९०, वेगाचे १.१७ आणि उंचीचे १२. बेरीज पुन्हा २५.०७. लाखांच्या संख्येत न दिसणारी गोष्ट इथे दिसते: वेगाचा वाटा किरकोळ आहे, आणि दाबातली बहुतेक घट पाणी बारा मीटर वर चढल्यामुळे आहे. नेमकी याच पदात सर्वांत जास्त गडबड होते.

३,५१,८०० पास्कल हे उत्तर ρgh चं चिन्ह उलटं धरल्यामुळे आलं. मीटरमध्ये ते ३५.९ होतं. आता त्याचा अर्थ वाचा: चौथ्या मजल्यावर पोहोचलेलं पाणी तिथून आणखी ३६ मीटर चढू शकतं, म्हणजे जमिनीपासून ४८ मीटर. आणि तळाच्या गेजनुसार पाण्यात मुळात २५ मीटर चढण्याचीच ताकद आहे. मध्ये पंप नसेल तर हे होणं शक्य नाही. चूक कुठे झाली हे सापडण्याआधीच उत्तर बाद झालं.

उंचीचा दुसरा घोळ जास्त फसवा असतो. एका बिंदूची उंची जमिनीपासून वर मोजायची आणि दुसऱ्याची गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून खाली, आणि दोन्ही संख्या h म्हणून एकाच समीकरणात घालायच्या. आकृतीत बाण दोन दिशांना असतात, वहीत मात्र दोन्ही धन संख्या असतात. हे पकडण्यासाठी शून्याची जागा बदलून गणित पुन्हा करावं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. इमारत पुण्यात आहे असं धरून जमिनीला शून्याऐवजी ५६० आणि चौथ्या मजल्याला ५७२ म्हणा. दोन्ही उंचींची पदं प्रचंड होतील, पण फरक तोच १२ मीटरचा राहील आणि दाबाचं उत्तर तसूभरही हलणार नाही. निसर्गाला आपण शून्य कुठे धरलं याच्याशी देणंघेणं नसतं. शून्य हलवल्यावर उत्तर हललं, तर दोन उंची दोन वेगळ्या जागांपासून मोजल्या आहेत हे नक्की.

एककांच्या चुकाही मीटरमध्ये आणल्या की लपत नाहीत. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते ही गोष्ट डोक्यात पक्की असते, त्यामुळे अनेक जण बाकी सगळं मीटर-किलोमध्ये ठेवून घनतेच्या जागी फक्त १ लिहितात. मग उंचीचं पद ११७.६ पास्कल होतं आणि चौथ्या मजल्यावरचा दाब जवळजवळ तळाएवढाच येतो. ११७.६ पास्कल म्हणजे १२ मिलिमीटर. चार मजले चढल्याची किंमत बोटभर पाणीसुद्धा नाही, असं ते उत्तर म्हणतं. उंची सेंटिमीटरमध्ये ठेवून १२०० घातली तर उलट होतं, इमारत १२०० मीटरची होऊन बसते.

दाब २४५ किलोपास्कल दिलेला असतो आणि त्यातला ‘किलो’ गळतो तेव्हा आणखी स्पष्ट खूण मिळते. २४५ पास्कल म्हणजे अडीच सेंटिमीटर पाणी, ते घोट्यापर्यंतही चढणार नाही. त्यातून उंची आणि वेग वजा केले की वरचा दाब उणे १,२८,१५५ पास्कल, म्हणजे उणे १३.१ मीटर येतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण उणे दाब दिसला की उत्तर चुकीचं, असा समज पसरलेला आहे आणि तो बरोबर नाही. गेज वातावरणाचा दाब शून्य धरून वाचतो, त्यामुळे सायफनच्या माथ्यावर किंवा पंपाच्या ओढीच्या बाजूला तो खरोखर शून्याच्या खाली जातो. पण समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढाच असतो. तेवढा सगळा काढून घेतला की पूर्ण निर्वात उरतो, आणि त्याच्या थोडं आधीच नळातलं पाणी उकळून वाफ होऊ लागतं. म्हणून उणे सहा मीटर शक्य आहे, उणे तेरा मीटर नाही.

हा १०.३ आकडा आणखी एका चुकीचा माग देतो. तळाचा दाब वातावरण धरून घेतला आणि वरचा मात्र गेजचा म्हणून लिहिला, तर वर ११.९ ऐवजी २२.२ मीटर येतात. फरक नेमका १०.३. आपलं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर यांच्यात एवढंच अंतर दिसलं की आधी दोन्ही बाजूंचे दाब एकाच प्रकारचे आहेत का ते पाहावं.

ही तपासणी एका चुकीपुढे मात्र हतबल ठरते. व्यास निम्मा झाला म्हणून वेग चौपटऐवजी दुप्पट धरला, तर वरचा दाब १.२८ किलो येतो. मीटरमध्ये १२.८. हे उत्तर चुकीचं असूनही पूर्ण शहाणं दिसतं, कारण वेगाचा वाटाच लहान आहे. इथे लिटर मोजावे लागतात. तळाच्या नळातून सेकंदाला सुमारे २.३६ लिटर पाणी जातं. वरच्या अरुंद तुकड्यात वेग २.४ मीटर धरला तर १.१८ लिटर बाहेर पडतात. उरलेलं निम्मं पाणी कुठे गेलं याचं उत्तर नळात सापडत नाही.

आणि घर्षण. आपण ते सोडून दिलं, म्हणून ११.९ ही वरची मर्यादा आहे. पाच सेंटिमीटरच्या नळाची वळणांसह लांबी तीस मीटर धरली, तर या वेगाला घर्षण साधारण एक मीटर खातं. त्यामुळे प्रत्यक्ष गेज अकराच्या आसपास दिसेल. तो तेरा-चौदा दाखवत असेल, तर दोनपैकी एका गेजचा काटा सरकलेला आहे. पण तेच तीस मीटर पूर्णपणे अडीच सेंटिमीटरच्या नळाचे असते, तर ४.८ मीटर वेगाला घर्षणच वीस मीटरहून जास्त मागतं, आणि चार मजले चढल्यावर हाती उरतात फक्त तेरा. असं पाणी त्या वेगानं वाहूच शकत नाही. तिथे दाबाच्या उत्तराकडे जाण्याआधी प्रश्नात दिलेला वेगच खोडावा लागतो.