सोळापट वीज, दुप्पट आवाज

बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी 770 प्रो हा स्टुडिओतला हेडफोन 250 ओहम इम्पीडन्सचा मिळतो. त्याला एक मिलिवॅट वीज दिली की तो 96 डेसिबलचा आवाज काढतो. एक मिलिवॅट म्हणजे किती? घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब जेवढी वीज खातो, तेवढ्यात असे 9,000 हेडफोन वाजतील. आणि 96 डेसिबल म्हणजे किती? कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या तीव्रतेच्या सुमारे 400 कोटीपट.

एवढ्याशा विजेत एवढा आवाज निघतो, तरीही हाच हेडफोन एका फोनला लावला की पुटपुटतो आणि दुसऱ्याला लावला की मोकळा वाजतो. याचं कारण व्होल्टमध्ये आहे. फोन हेडफोनला ठरलेले वॅट देत नाही, जास्तीत जास्त अमुक इतके व्होल्ट देतो. त्या व्होल्टमधून किती वीज घ्यायची, हे हेडफोनच्या इम्पीडन्सवर ठरतं. व्होल्टचा वर्ग करा, इम्पीडन्सने भागा, वॅट मिळतात.

काही फोन पूर्ण आवाजाला साधारण अर्धा व्होल्टच देतात. युरोपात कानांच्या सुरक्षेसाठी अशी मर्यादा पाळली जाते. अॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जोडणारा छोटा अडॅप्टर दिसायला सगळीकडे सारखाच असतो, पण अमेरिकेतला साधारण एक व्होल्ट देतो आणि युरोपातला त्याच्या निम्मा. याउलट एलजीचा व्ही30 हा फोन हेडफोन लावताक्षणी त्याचा इम्पीडन्स मोजायचा, आणि तो 50 ओहमच्या वर निघाला तर सुमारे दोन व्होल्टपर्यंत जायचा.

आता हिशेब करू. अर्धा व्होल्ट, 250 ओहम: एक मिलिवॅट, म्हणजे 96 डेसिबल. दोन व्होल्ट, तोच हेडफोन: 16 मिलिवॅट, म्हणजे 108 डेसिबल. ऐकताना हे आकडे थोडे फसवे ठरतात, कारण ते गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचे आहेत. शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज या टोकापेक्षा 20 डेसिबल खाली असू शकतो. मग पहिल्या फोनवर सरासरी उरते 76 डेसिबल, आणि त्या वेळी हेडफोनला मिळत असतो मिलिवॅटचा शंभरावा भाग. शांत खोलीत हे पुरतं. रहदारीच्या रस्त्यावर आलापाची हळवी जागा बुडून जाते.

त्याच पहिल्या फोनला डीटी 770 चा 32 ओहमचा प्रकार लावला, तर अर्ध्या व्होल्टमधून तो जवळजवळ आठ मिलिवॅट ओढतो आणि 105 डेसिबलपर्यंत पोचतो. फोन तोच, मर्यादा तीच, फरक नऊ डेसिबलचा. मर्यादा व्होल्टमध्ये घातलेली असते आणि कान ऐकतो डेसिबल. मधे कोणता हेडफोन आहे हे त्या मर्यादेला ठाऊक नसतं.

म्हणून दोष शोधताना क्रम असा ठेवावा. आधी सेटिंगमधली मर्यादा तपासा: सॅमसंगमध्ये Media volume limit, आयफोनमध्ये Headphone Safety खालचा मोठे आवाज कमी करणारा पर्याय. ती बंद असूनही आवाज कमी वाटला, तर दोन्ही फोनवर एकच फाइल, एकाच अॅपमधून, आवाज पूर्ण ठेवून ऐका. आधी साध्या 32 ओहमच्या इयरफोनवर, मग मोठ्या हेडफोनवर. दोन्ही वेळा एक फोन सारखाच मागे पडला, तर तो मुळातच कमी व्होल्ट देतो. इयरफोनवर फरक थोडा आणि मोठ्या हेडफोनवर बराच जास्त वाटला, तर दुसरा फोन इम्पीडन्स ओळखून व्होल्ट वाढवतो आहे. दोन्ही बाबतींत उपाय तेच: जास्त व्होल्ट देणारा बाहेरचा डॅक-अॅम्प, किंवा कमी इम्पीडन्सचा आणि जास्त संवेदनशील हेडफोन.

अॅम्प घेण्याआधी मात्र आणखी एक हिशेब करायला हवा. 10 डेसिबल वाढले की आवाज माणसाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे 16 पट वीज देऊन मिळालेले 12 डेसिबल दुपटीहून थोडेसेच जास्त वाटतात. कानाच्या नुकसानीचा हिशेब मात्र जाणिवेवर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकता येतो, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 12 डेसिबल वाढवले की चार वेळा निम्मी होऊन उरतात अडीच तास. विजेचे 16 पट कानाला दुप्पट वाटतात, पण मुदत पुरती 16 पटीने घटते. अॅम्प घ्यावा तो हळव्या जागा ऐकू याव्यात यासाठी. त्याची मूठ शेवटपर्यंत फिरवायची गरज पडू नये.